रिस्क प्रीमियम काढताना: मागची सरासरी की आजचा भाव?

व्हॅल्युएशनच्या कामात नव्याने आलेल्यांना मी सगळ्यात आधी २००८ सालचं गणित करायला लावतो. सरकारी रोखे सोडून शेअर घ्यायचे, तर माणूस वर्षाला किती टक्के जास्त परतावा मागतो, तो आकडा म्हणजे इक्विटी रिस्क प्रीमियम. तो काढायच्या दोन पद्धती आहेत, आणि त्या वर्षी अमेरिकेत दोन्हींची उत्तरं नेमक्या उलट दिशांना गेली.

पहिली पद्धत इतिहासाची. न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अश्वथ दामोदरन १९२८ पासूनच्या परताव्यांचा तक्ता सगळ्यांसाठी खुला ठेवतात. २००७ अखेरपर्यंत शेअरनी दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांपेक्षा वर्षाला साध्या सरासरीने ६.४२ टक्के जास्त दिले होते. चक्रवाढीने मोजलं तर ४.७९. मग २००८ मध्ये, लाभांश धरूनही, शेअर ३६ टक्क्यांहून जास्त पडले. घाबरलेला पैसा रोख्यांकडे धावला आणि त्यांनी २० टक्के दिले. हा जवळपास ५७ टक्क्यांचा खड्डा ८१ वर्षांत वाटला गेला आणि साधी सरासरी ५.६५ वर आली, चक्रवाढीची ३.८८ वर. म्हणजे शेअर घ्यायला कुणी धजत नव्हतं, तेव्हा ही पद्धत सांगत होती की लोक जोखमीसाठी कमी मोबदला मागताहेत! भाव पडला की मागचा परतावा घटतो, म्हणून हे होतं. तो दोष डेटाचा नाही, पद्धतीचाच आहे.

शिवाय या सरासरीतली अनिश्चितता मोठी आहे. वार्षिक चढउतार साधारण २० टक्के धरा आणि त्याला ८० च्या वर्गमुळाने भागा. सव्वादोन टक्के प्रमाण त्रुटी येते. नेहमीप्रमाणे तिच्या दुप्पट धरली तर चार टक्क्यांच्या अंदाजाला दोन्ही बाजूंनी साडेचार टक्क्यांची मोकळीक, आणि तीही ८० वर्षांच्या नोंदी असताना.

दुसरी पद्धत आजच्या भावातून उलटी जाते. १ जानेवारी २००९ ला एस अँड पी ५०० निर्देशांक ९०३.२५ वर होता आणि दहा वर्षांच्या रोख्यांचा दर २.२१ टक्के. दामोदरन यांनी लाभांश आणि बायबॅक मिळून वर्षाचा रोख परतावा निर्देशांकाच्या ५२.५८ अंकांइतका धरला, पाच वर्षं ४ टक्के वाढ आणि पुढे कायम रोख्यांच्या दराइतकीच वाढ. आता असा r शोधायचा, ज्याने या सगळ्या रकमांचं आजचं मूल्य बरोबर ९०३.२५ होईल:

```
903.25 = 54.68/(1+r) + 56.87/(1+r)^2 + 59.15/(1+r)^3
       + 61.51/(1+r)^4 + 63.97/(1+r)^5
       + [63.97*1.0221/(r-0.0221)]/(1+r)^5
```

एक्सेलमध्ये गोल सीक लावा, r ८.६४ टक्के येतो. त्यातून २.२१ वजा केले की प्रीमियम ६.४३. वर्षभरापूर्वी याच पद्धतीने तो ४.३७ होता. बाजारातली भीती इथे दिसते, कारण भाव समीकरणाच्या आतच बसलेला आहे.

पण उत्तर आलं म्हणून थांबू नका. एकेक आकडा हलवून पाहा. पाच वर्षांची वाढ ४ ऐवजी २ टक्के केली तर प्रीमियम ५.९ च्या आसपास येतो, फार बिघडत नाही. बायबॅक काढून फक्त लाभांश ठेवा, म्हणजे त्या वर्षीचे सुमारे २८.४, तर तो साडेतीनवर घसरतो. नवखे विश्लेषक वाढीच्या दरावर तासन् तास वाद घालतात, पण माझ्या मते खरा वेळ भागधारकांना प्रत्यक्षात किती रोख मिळते यावर जायला हवा. संकटात बायबॅक आधी आटतात, म्हणून मागच्या बारा महिन्यांचा आकडा जसाच्या तसा उचलणंही धोक्याचं. कायमची वाढ रोख्यांच्या दराच्या वर नेली तर मात्र मॉडेल तिथेच मोडतं: हा दर अर्थव्यवस्थेच्या दीर्घकालीन वाढीच्या जागी धरलेला असतो, म्हणून कंपन्या अर्थव्यवस्थेपेक्षा कायम वेगाने वाढतील असं गृहीत धरल्यासारखं होतं, आणि ७५ टक्क्यांच्या आसपासचं मूल्य त्या शेवटच्या पदातच असतं.

निफ्टीसाठी मी दुसरी पद्धतच आधी वापरतो. निफ्टीचा पाया ३ नोव्हेंबर १९९५ चा. तीसेक वर्षांच्या नोंदी आणि २५ टक्के चढउतार धरले तर प्रमाण त्रुटी साडेचार टक्के होते, म्हणजे सरासरीचा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. तरीही सरासरी काढायचीच असेल तर लाभांश धरणारा टोटल रिटर्न निर्देशांक घ्या, रोजच्या बातम्यांतला नको. भावातून काढताना मात्र एक अडचण येते. आपल्या रोख्यांच्या दरात रुपयाच्या महागाईबरोबर सरकारची पतजोखीमही थोडी मिसळलेली असते. ही पतजोखीम आधी वजा केली नाही तर तेवढा प्रीमियम कमी दिसतो.