टग भाड्याने घेताय? बेअरबोट आणि टाइम चार्टरमधल्या या चुका टाळा

बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रोकरने दोन दर सांगितले असे समजा. तोच टग बेअरबोटवर रोज 40,000 रुपयांना आणि टाइम चार्टरवर 70,000 ना. नवा माणूस लगेच म्हणतो, रोजचे तीस हजार वाचले!

वाचत नाहीत. बेअरबोटमध्ये मालक फक्त बोट देतो. कॅप्टन, इंजिनिअर, खलाशी तुम्ही नेमायचे. आठ जणांचे पगार आणि जेवण महिन्याला 4,80,000, विमा 1,20,000, दुरुस्ती, वंगण आणि स्टोअर्स 3,00,000 धरा. झाले 9 लाख, म्हणजे रोजचे बरोबर तीस हजार. टाइम चार्टरमध्ये हा सगळा बोजा मालकाचा असतो. डिझेल आणि बंदराचे आकार मात्र दोन्हीकडे साधारणपणे भाडेकरूच भरतो, त्यामुळे तुलनेत ते धरू नका.

खरा फरक बिघाडाच्या दिवशी कळतो. गिअरबॉक्स गेला आणि टग नऊ दिवस माझगावला पडून राहिला, तर टाइम चार्टरमध्ये ऑफ-हायरचे कलम लागते: भाडे थांबते, दुरुस्ती मालकाची. बेअरबोटमध्ये 3,60,000 भाडे चालूच राहते आणि दुरुस्तीचे बिलही तुमच्याच नावाने येते. पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणून काम बंद राहिले, तर टाइम चार्टरमध्येही भाडे सहसा थांबत नाही. ऑफ-हायर बोटीच्या दोषासाठी असते, हवामानासाठी नाही. हे अनेकांना बिल आल्यावरच समजते.

सर्वांत महागडी चूक विम्याची. हल पॉलिसी म्हणजे खुद्द बोटीच्या नुकसानीचा विमा. ‘मालकाची हल पॉलिसी मार्चपर्यंत आहे, चालेल तेवढी’ असे धक्क्यावर सर्रास ऐकू येते. इन्स्टिट्यूट टाइम क्लॉजेस हल्स या बोट-विम्याच्या ठरावीक अटींच्या 1983 च्या मसुद्यात स्पष्ट लिहिले आहे की बोट बेअरबोटवर दिली की विमा आपोआप संपतो, विमा कंपनीने लेखी संमती दिली नसेल तर. पॉलिसीला हे क्लॉजेस जोडलेले असतील, तर हप्ता भरलेला असूनही बोट विम्याविना फिरते. म्हणून ताबा घेण्याआधी हल आणि पी अँड आय, म्हणजे इतरांच्या नुकसानीच्या जबाबदारीचा विमा, या दोन्हींचे नवे कागद मालक आणि भाडेकरू अशा दोघांच्या नावाने हातात घ्या. बिम्को या जहाज व्यवसायातील संघटनेच्या बारेकॉन या बेअरबोटच्या नमुना करारातही साधारण हीच रीत आहे.

आणखी एक घोळ, आपल्याकडचा खास. करारावर ‘बेअरबोट’ छापायचे आणि सारंग, खलाशी मात्र मालकाचेच ठेवायचे, ‘ओळखीचे आहेत’ म्हणून. धडक झाली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. वाद झाला तर शीर्षकापेक्षा ताबा कोणाकडे होता, सारंगाला कोणी नेमले आणि हुकूम कोण देत होते, हे तपासले जाते. मालकाचीच माणसे हवी असतील, तर त्यांची नेमणूकपत्रे तुमच्या नावाने करा, पगारही तुमच्याच खात्यातून द्या. नाहीतर सरळ टाइम चार्टर करा.