मोहर्लीच्या लॉजवरची पाटी

आमच्या पाटीवर ‘उशीर झाल्यास जादा आकार’ एवढंच होतं, त्यामुळे काउंटरवर रोज हुज्जत. ताडोबातली सकाळची जिप्सी परतायलाच दहा वाजून जातात. दहाचा चेकआऊट पाळणार कोण?

आता लिहिलंय: ‘खोली 11 पर्यंत सोडावी. नंतर तासाला 150 रुपये, अर्धवट तास पूर्ण धरला जाईल. 2 नंतर दिवसाचं भाडं 1500. रात्री 9 पर्यंत न आल्यास, फोनही न केल्यास खोली दुसऱ्याला दिली जाईल, 500 रुपये ॲडव्हान्स परत नाही. नाल्याला पूर, एसटी बंद किंवा दवाखाना असल्यास तेच पैसे पुढच्या मुक्कामात वळते.’

जंगलात रेंज नसते, म्हणून या कारणांसाठी दुसऱ्या सकाळचा फोनही चालतो. पुरावा मागत नाही.

परवा एक कुटुंब 12:20 ला निघालं. “दोन तास धरले, भाऊ.” पाटी वाचून त्यांनी 300 रुपये मुकाट्यानं दिले.