नेटवर्क रॅकचा यूपीएस : या चुका टाळा

६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॅट चालतात, ६०० नाही. मागच्या पट्टीवर तसं छापलेलंही असतं, पण वाचतो कोण! तरी ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण लोड जास्त झाला की यूपीएस लगेच कोकलतो. वॅट बसले म्हणून खूश होऊन बॅटरी किती मिनिटं टिकेल ते न मोजणारे जास्त गोत्यात येतात.

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमधला रॅक घ्या. भिंतीवरचा ९ यूचा. त्यात कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा २४ पोर्टचा पीओई स्विच, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, राउटर, फायबरचा डबा आणि तळाशी कोंबलेला ६०० व्हीएचा यूपीएस. डिसेंबरात, कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना दोन मिनिटं लाइन गेली. यूपीएस तत्क्षणी बसला. लाइन आली, स्विचचे दिवे लागले, पण वजनकाट्याच्या कॉम्प्युटरला ऑफिसचा सर्व्हर सापडेना. काटेवाला हाताने पावत्या फाडत बसला. मालकाचा फोन : "भाऊ, काटा नाही चालून राहिला, पण कॅमेरे तर दिसून राहिले." कुणीतरी त्यांना स्विच जळाल्याचं सांगून नव्याचा भावही देऊन टाकला होता.

स्विच सिस्कोचा होता. कन्सोल केबल लावून मी आधी दोनच गोष्टी पाहतो.

```
show version
show vlan brief
```

पहिल्यात `System returned to ROM by power-on` अशी ओळ होती, म्हणजे स्विच खरोखर वीज जाऊनच बंद पडला होता. दुसऱ्यात व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं, १०, २० आणि ३० नावांसकट जागेवर होते, पण सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये. हे दृश्य दिसलं की स्विच बदलायची गरज नाही. हा स्विच जसा येतो तसा व्हीटीपी सर्व्हर मोडमध्येच होता, आणि त्या मोडमध्ये व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या `vlan.dat` फाइलमध्ये आपोआप लिहिली जाते. कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, सगळे व्हीलॅन एकाच तारेतून राउटरकडे नेणारा ट्रंक कुठला, हे मात्र चालू कॉन्फिगमध्ये असतं. ते सेव्ह करेपर्यंत रॅममध्येच राहतं आणि विजेबरोबर जातं. कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच स्विचवर, पत्तेही हाताने दिलेले, म्हणून ते व्हीलॅन १ मध्ये पडूनही एकमेकांना भेटत होते. काटा आणि सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये होते. त्यांना राउटरमधून जावं लागतं, आणि ट्रंकच उरला नव्हता.

हंगामाआधी ज्या पोराने हे व्हीलॅन केले, त्याने शेवटची ओळ टाकली नव्हती.

```
copy running-config startup-config
```

"चालू झालं ना, मग झालं" ही त्या वयाची बिमारीच आहे. पण तीन महिने ही चूक कुणाला का दिसली नाही? यूपीएस लहानसहान झटके झेलत होता म्हणून. यूपीएस कॉन्फिग वाचवत नाही, न सेव्ह केलेलं कॉन्फिग लपवतो. ज्या दिवशी बॅटरी मरते त्या दिवशी दोन्ही पापं एकदम बाहेर पडतात.

सेव्ह झालंय का, हे `show running-config`च्या वरच्या ओळींतच कळतं. `Last configuration change at` ही वेळ `NVRAM config last updated at`च्या नंतरची असेल, तर काहीतरी सेव्ह करायचं राहिलंय. त्यासाठी घड्याळ मात्र बरोबर हवं. बऱ्याच लहान स्विचांत घड्याळाची बॅटरी नसते, वीज गेली की ते १९९३ च्या १ मार्चला जाऊन बसतात. म्हणून नेटवर्कवरून वेळ जुळवणारं एनटीपी लावल्याशिवाय मी निघत नाही. आणि काम सोपवायच्या दिवशी, सेव्ह करून आणि रेकॉर्डर रीतसर बंद करून, मालकासमोर रॅकची वीज पूर्ण तोडतो. पुन्हा चालू करून काट्यावर एक पावती निघाली की मगच बिल.

आता बॅटरी का मेली ते बघू. रॅकचा दरवाजा बंद, जाळीवर कापसाच्या तंतूंचा थर, दोन पंखे थेट लाइनवर जोडलेले. म्हणजे लाइन गेली की स्विच यूपीएसवर चालू आणि पंखे बंद! पंखेही यूपीएसवरच हवेत. स्विचचे स्वतःचे ३० वॅट, पीओई देताना वाया जाणारे १५, रेकॉर्डरचे २५, राउटर आणि फायबरच्या डब्याचे २० : असे ९० वॅट रॅकमध्येच उष्णता होऊन राहतात. कॅमेऱ्यांना गेलेली वीज बाहेर तापते, ती यात धरायची नाही. बंद ९ यू रॅकमध्ये एवढ्याने आतलं तापमान खोलीपेक्षा १०-१२ अंशांनी सहज वर जातं. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत ४२ असेल, तर आत ५३. बहुतेक साधे स्विच ४५ किंवा ५० अंशांपर्यंतचे असतात. बॅटरीची अवस्था त्याहून वाईट. तिचं आयुष्य २५ अंशांवर धरून सांगितलेलं असतं आणि दर १० अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून यूपीएस रॅकमध्ये ठेवूच नका. खाली, सावलीत, विटेवर ठेवा.

पंख्याचा हिशेब सोपा आहे : वॅट गुणिले १.७६, भागिले किती अंशांचा फरक चालेल. ९० वॅट आणि ५ अंश म्हटलं तर ३२ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ३२ घनफूट हवा. चार इंची एक पंखा पुरतो, जाळी साफ असेल तर. हंगामात ती दर आठवड्याला झटका. पण पंखा खोलीपेक्षा थंड हवा कुठून आणणार? खोली तापली असेल तर खोलीचाच इलाज करावा लागतो. कूलर खोलीत चालेल, त्याचं तोंड रॅककडे नको.

राहिली मिनिटं. वॅट मीटर रात्री लावा. १२ कॅमेरे दिवसा ५-५ वॅट घेतात, रात्री इन्फ्रारेड लागला की ९ च्या आसपास. म्हणजे इथे दिवसाचे १५० वॅट रात्री २०० होतात. १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीवर २०० वॅट आठ-दहा मिनिटं चालतात, तेही नवी असताना. दोन तास हवे असतील तर ४०० वॅट-तास. यूपीएसमधली घट, भरभर उतरताना कमी मिळणारी क्षमता आणि म्हातारपण धरून मी हजाराच्या जवळ जातो : १२ व्होल्ट ४२ एएचच्या दोन बॅटऱ्या आणि तेवढ्या चार्ज करू शकणारा २४ व्होल्टचा, बाहेरून बॅटरी जोडायचा यूपीएस.

इथे शॉर्टकटवाले ६०० व्हीएच्या डब्यालाच घरच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी जोडतात. त्याचा चार्जर जेमतेम एक अँपिअरचा, ती बॅटरी कधी भरायची? आणि दहा मिनिटांसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर दोन तास चालला की जळका वास येतो.

लाइन गेलीच नाही तरी बॅटरी उतरलेली सापडली, तर व्होल्टेज पाहा. शेतातले पंप सुरू झाले की गावात ते पार खाली येतं. यूपीएसच्या मर्यादेखाली गेलं की तो गुपचूप बॅटरीवर जातो. तिथे आधी स्टॅबिलायझर लावा, बॅटरी नंतर बदला.