पेस्टल बॅकग्राउंडवर सीरमची बाटली : थेंब गायब, स्प्लॅश धूसर... या चुका टाळा

लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठंही बघा, घरगुती फेस सीरम नायतर अ‍ॅलोव्हेरा जेल विकणाऱ्या बऱ्याच जणी झाल्यात आणि सगळ्यांना एकच फोटो पाहिजे असतो, पीच नायतर बेबी पिंक बॅकग्राउंड, मऊ लाईट, बाटलीवर टपोरे थेंब आणि बाजूनं उसळलेलं पाणी. दिसायला लई सोपं वाटतं. पण यातल्या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत हे कोणी सांगत नाही : लाईट जितका मऊ आणि चहूबाजूंनी, तितके थेंब दिसेनासे होतात.

कामून होतं ते आधी समजून घ्या. पाण्याला स्वतःचा रंग नसतो. बाटलीवरचा थेंब दिसतो तो त्याच्या एका कडेला चमकणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यामुळं, दुसऱ्या कडेच्या गडद रेषेमुळं आणि खाली पडलेल्या बारक्या सावलीमुळं. आता तुम्ही दोन्ही बाजूंना सॉफ्टबॉक्स लावले, समोर पांढरा थर्मोकोल, वर पण लाईट, मागं फिकट गुलाबी, की सावली गेली, गडद रेष गेली, थेंबात सगळीकडून पांढरंच दिसायला लागलं. मग लोक म्हणतात थेंब कमी पडले, अजून फवारा. फवारून काय होणार, ओघळ येतात फक्त.

एक केस घेऊ. ३० एमएलची पांढरी फ्रॉस्टेड काचेची ड्रॉपर बाटली, कागदी लेबल, मागं पीच रंगाची कार्डशीट. लाईट एकच मुख्य ठेवायचा, बाटलीच्या मागच्या बाजूनं तिरका, साधारण ४५ अंशात. बाटलीपासून फूटभर अंतरावर बटर पेपर ताणून लावा आणि फ्लॅश त्या पेपरच्या मागं दोनेक फूट लांब. इथं बरेच जण फ्लॅश पेपरला चिकटवूनच ठेवतात, मग मधोमध पांढरा डाग पडतो आणि बाटलीवर चौकोनी कडक चमक येते, म्हणजे बटर पेपर लावूनही लाईट मऊ झालाच नाही. दुसऱ्या बाजूला, फ्रेमच्या जस्ट बाहेर, काळ्या कार्डशीटची पट्टी उभी करा. तीच थेंबांना गडद कड देते. पट्टी काढून एक फोटो आणि लावून एक फोटो काढून बघा, फरक लगेच कळतो. लेबल अंधारात जात असेल तर समोरून तळहाताएवढा थर्मोकोलचा तुकडा, बास.

थेंब कसले लावता हे पण महत्त्वाचं. बोअरचं पाणी तर अजिबात नको, आपल्याकडं त्यात क्षार इतके की एप्रिल-मेच्या उकाड्यात थेंब सुकला की तिथं पांढरा चट्टा उरतो आणि तो एडिटिंगमध्ये काढत बसा रात्रभर. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात तेवढंच ग्लिसरीन, निम्मं-निम्मं. ग्लिसरीनचा थेंब लवकर सुकत नाही, फुगून जागेवर बसतो. फवारा दीडेक फुटावरून बारीक मारा, जवळून मारला की थेंब एकमेकांत मिसळून खाली पळतात. दोन-चार मोठे थेंब हवेत तर सिरिंजनं हातानं ठेवा.

फ्रॉस्टेड काचेची एक वेगळीच डोकेदुखी. गुळगुळीत बाटलीवर कारच्या वॅक्सचा पातळ हात फिरवला की पाणी गोल थांबतं, पण फ्रॉस्टेडवर वॅक्स लावलं तर जागोजागी चकाकी येते आणि नुसती ठेवली तर पाणी पसरतं. तिच्यावर आधी मॅट क्लिअर लॅकरचे हलके दोन हात मारून पूर्ण वाळू द्या, कागदी लेबलही त्यानं वाचतं. हे सॅम्पल बाटलीवर करा बरं का, गिऱ्हाईकाला द्यायच्या बाटलीवर नाही. आणि लॅकरच्या आधी स्पिरिटनं पुसा, बोटाचा ठसा राहिला तर तिथं थेंब विचित्र पसरतो.

आता स्प्लॅश. इथं सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे शटर स्पीड. फ्लॅशनं शूट करताना पाणी शटर थांबवत नाही, फ्लॅशची चमक किती कमी वेळ टिकते ते थांबवतं. साधा स्पीडलाईट फुल पॉवरवर साधारण १/३०० सेकंद जळतो, तेवढ्यात उडालेलं पाणी पुढं सरकून जातं. तोच १/३२ पॉवरवर १/१०,००० च्या आसपास जातो आणि थेंब हवेत कोरल्यासारखा थांबतो. म्हणून उजेड कमी पडला की पॉवर वाढवायची नाही, तसलाच दुसरा फ्लॅश बाजूला लावायचा, दोन्ही कमी पॉवरवर. हाय स्पीड सिंक चालू करून १/४००० ठेवणारे पण भेटतात, त्या मोडमध्ये फ्लॅश एकदा न चमकता लांबत जळत राहतो, त्यामुळं पाणी गोठवायचा त्याचा फायदाच जातो आणि वरून उजेड पण घटतो. बरेचसे जुने स्टुडिओ लाईट तर उलटे वागतात, पॉवर कमी केली की त्यांची चमक लांबते, म्हणून या कामाला स्पीडलाईट बरा.

सेटिंग : शटर १/२००, एफ/११, आयएसओ २००, फोकस मॅन्युअल करून लेबलवर लॉक. मग फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. खोलीतली ट्यूब दिसत असेल तर ती बंद करा, पडदे ओढा.

फोटो बिघडला तर नेमकं कुठं बिघडलं हे झूम करून कळतं. सगळं पाणी एकसारखं धूसर असेल तर फ्लॅशची पॉवर जास्त आहे. थेंब शार्प पण मागं फिकट शेपूट ओढलेली, म्हणजे खोलीतला उजेड शिरलाय. लेबल शार्प आणि पाणी मऊ, तर पाणी फोकसच्या पुढं-मागं पडलंय.

ही शेवटची चूक ग्लासातून बाटलीवर पाणी फेकल्यानं जास्त होते, वर लेबलही झाकलं जातं. त्यापेक्षा ट्रेमध्ये इंचभर पाणी, त्यात अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर डबल टेपनं बाटली घट्ट, आणि बाटलीच्या अगदी शेजारी, लेबलच्याच रेषेत वरून लिंबू टाका. टाकणारा एक, बटन दाबणारा दुसरा. पाणी मुकुटासारखं उठतं. मागून येणारा तिरका लाईट त्यालाही कड देतो, नुसत्या समोरच्या लाईटमध्ये ते पीच रंगात विरघळून जातं. फ्लॅशला प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि वायरी जमिनीवर नको.

थेंब आणि स्प्लॅश एकाच फोटोत मिळवायच्या नादाला लागू नका, पहिल्याच उसळीत ग्लिसरीनचे थेंब धुऊन जातात. ट्रायपॉड न हलवता आधी थेंबांचा फोटो, मग स्प्लॅशचे भरपूर, नंतर जोडायचे. जोडताना पाणी डावीकडून उसळलंय तर बाटलीची उजवी बाजू भिजलेली आणि डावी कोरडी असं करू नका, गिऱ्हाईकाला कारण सांगता येत नाही पण खटकतं.

राहिला बॅकग्राउंड. पीच कागद फोटोत मळकट राखाडी येतो तो कागदाचा दोष नसतो, त्यावर लाईटच पोचत नाही. कागद बाटलीमागं तीनेक फूट न्या, पाण्यापासूनही वाचेल, आणि त्याच्यावर वेगळा एक फ्लॅश मारा. त्याची पॉवर हळूहळू वाढवा, रंग पांढरट व्हायला लागला की एक पायरी खाली.