आजारी पडलात आणि असाइनमेंट राहिली, तर मुदतवाढीचा मेल असा लिहा

आठ गणितं होती. पाच पूर्ण झाली, एक अर्ध्यावर अडकलं, दोनांना हात लागला नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचला द्यायची होती आणि मंगळवारपासून अंगात ताप. माझ्याकडे दर पावसाळ्यात असे चार-पाच जण असतात. मी सांगलीत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणित शिकवते, तासगाव, कवठेमहांकाळकडून एसटीनं ये-जा करणारी मुलं भिजतात, ताप अंगावर काढतात आणि शेवटी शुक्रवारी रात्री मेल टाकतात : "मॅडम आजारी आहे, प्लीज थोडा वेळ द्या."

त्यांच्या तापाबद्दल मला शंका नसते. पण "थोडा" म्हणजे किती, हेच कळत नाही. शिवाय मुदत उलटून गेलेली असते.

म्हणून लिहायला बसण्याआधी वही उघडा आणि गणितांचे तीन गट करा : पूर्ण, अर्धवट, राहिलेली. हाच मेलचा कणा. "पूर्ण" म्हणजे उत्तरापर्यंत नीट लिहून तपासलेलं. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं सहावं गणित पूर्ण म्हणून कळवलं. त्यात `(3s+1)/((s+1)(s^2+4))` चे पार्शल फ्रॅक्शन करून इन्व्हर्स लाप्लास काढायचा होता. तिनं पहिल्या तुकड्याच्या वर `-2/5` आणि दुसऱ्याच्या वर `(2s-3)/5` लिहिलं होतं. मूळ राशीत `s = 0` घातलं की `1/4` येतं, तिच्या तुकड्यांची बेरीज `-11/20` येत होती. एक चिन्ह चुकलं होतं. तिथे `(2s+13)/5` हवं. तपासायला दोन मिनिटं लागतात. तापात डोकं चालत नाही हे खरं, पण यादी पाठवण्याआधी एवढं करा, कारण पुढे मी त्या यादीवर विसंबून असते.

अर्धवट गणिताबद्दल "अर्धं झालंय" एवढंच लिहू नका. कुठवर आलात ते लिहा. उदाहरणार्थ, चौथ्या गणितात `1/(s^2+4)^2` चा इन्व्हर्स कन्व्होल्यूशन थिअरमनं काढायचा होता. "इंटिग्रल मांडलं आहे, सोडवायचं राहिलं आहे" हे वाचल्यावर मला कळतं की तास-अर्ध्या तासाचं काम उरलंय आणि मुख्य कल्पना पोराला समजली आहे.

आता दिवस मोजा. अडीच गणितं उरलीत, एकेकाला दीड तास धरला तरी चार तासांच्या आत काम होतं. ताप उतरायला दोन दिवस लागतील असं डॉक्टर म्हणाले असतील, तर सोमवार पुरे. आठवडा मागू नका. आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही : मी उत्तरं वर्गात सोडवून दाखवते तो दिवस ठरलेला असतो. त्यानंतर आलेली असाइनमेंट मला घेताच येत नाही, कारण उत्तरं सगळ्यांसमोर आलेली असतात. तेव्हा हा दिवस कोणता ते मित्राला विचारा आणि त्याच्या आतली तारीख मागा, वेळेसकट.

आजाराला एक-दोन वाक्यं पुरतात. कधीपासून आणि डॉक्टरांना दाखवलं का, एवढं पुरे. रक्ताच्या रिपोर्टचा किंवा हाताला लावलेल्या सलाइनचा फोटो नको. तो पाहून मला वाईट वाटतं, माहिती काही मिळत नाही. सर्टिफिकेट असेल तर "लागल्यास देईन" म्हणा. नसेल तर त्याचा उल्लेखच करू नका, आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून मागच्या तारखेचं तर मुळीच आणू नका.

हे सगळं जुळलं की मेल साधारण असा होतो. गुरुवारी सकाळी पाठवलेला :

विषय : गणित-३, असाइनमेंट २, रोल नं. ४२ : सोमवार १५ सप्टेंबर, सायं. ५ पर्यंत मुदतवाढीची विनंती

नमस्कार मॅडम,

मी दुसरं वर्ष मेकॅनिकल, ब तुकडीतली, रोल नं. ४२. असाइनमेंट २ शुक्रवारी (१२ तारखेला) सायंकाळी ५ पर्यंत द्यायची आहे. मला मंगळवारपासून ताप आहे. काल मिरजेत डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दोन दिवस विश्रांती सांगितली आहे.

आतापर्यंतचं काम असं :
पूर्ण : १, २, ३, ५, ६ (सोबत जोडली आहेत)
अर्धवट : ४. कन्व्होल्यूशनचं इंटिग्रल मांडलं आहे, सोडवायचं राहिलं आहे.
राहिलेली : ७ आणि ८

४, ७ आणि ८ साठी सोमवार १५ तारखेला सायंकाळी ५ पर्यंत वेळ मिळावा ही विनंती. ते शक्य नसेल तर जोडलेली गणितं तपासावीत. डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागल्यास देईन.

आपली विद्यार्थिनी,
(पूर्ण नाव, रोल नं. ४२)

यातलं सर्वात कामाचं वाक्य कोणतं, तर "ते शक्य नसेल तर जोडलेली गणितं तपासावीत." मी नाही म्हटलं तरी पाच गणितांचे गुण तुमच्या पदरात पडतात, आणि मला हो म्हणणं सोपं जातं, कारण काम खरोखर झालंय हे समोर दिसतं. झालेली गणितं घरी ठेवून नुसती यादी पाठवणाऱ्यांचं मला कोडंच आहे.

जोडणीत मात्र घोळ होतो. मोबाइलवर बारा पानांचे बारा फोटो काढून तसेच जोडले की मेल फुगतो. जीमेलवर २५ एमबीच्या वर गेलं की फाइल ड्राइव्हच्या लिंकनं जाते, लिंकची परवानगी द्यायची राहते, आणि माझ्यासमोर येते ती फक्त परवानगी मागायची पाटी. स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपनं सगळ्या पानांची एकच पीडीएफ करा आणि तिला `scan_0007.pdf` ऐवजी `A2_Roll42_Q1-3_5-6.pdf` असं नाव द्या. मित्राच्या मोबाइलवर उघडून बघा. पेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर कित्येकदा दिसतच नाही.

मेल कॉलेजच्या आयडीवरून पाठवा. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुदतवाढ मागू नका, कारण तिथे एकाला हो म्हटलं की साठ जण उभे राहतात. मेल केल्यावर "मॅडम, मेल केला आहे" एवढा वैयक्तिक निरोप चालतो.

उत्तर आलं नाही तर? ते होकार समजू नका. शुक्रवारी पाचच्या आत, त्याच मेलला उत्तर म्हणून, जेवढं झालंय तेवढं पुन्हा पाठवा. गुरुवारनंतर चौथं पूर्ण झालं असेल तर यादी बदला. होकार आला तर उरलेली गणितंही त्याच मेलच्या धाग्यात द्या, म्हणजे मला दोन ठिकाणी शोधावं लागत नाही. सोमवारीही ताप असेल तर सोमवारी सकाळीच कळवा, पाच वाजून पाच मिनिटांनी नव्हे.