बाबा वर्षभरासाठी परदेशी चाललेत, पोरीला आठवडाभर शाळेतून काढायचंय: शाळेला कसं सांगायचं

आमचे हे फौजेत आहेत. मागच्या वर्षी यूएन मिशनवर दक्षिण सुदानला जायचं ठरलं, तिकडे फॅमिली नेता येत नाही, म्हणजे साधारण वर्षभर घरात आम्ही दोघीच. निघायच्या आधी सुट्टी मिळाली तेव्हा साताऱ्याकडच्या गावी सगळं गोत जमवायचं, जागरण-गोंधळ घालायचा आणि मगच निरोप द्यायचा असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. लेक सहावीला, पुण्यात सेमीच्या शाळेत. हे आम्ही कसं केलं ते लिहिते, कारण मोठ्याच्या वेळी याच कामात मी माती खाल्ली होती.

तेव्हा मी अर्जात सरळ "ताप" लिहून दिला होता, म्हटलं कोण विचारतंय. झालं असं की पोरगा परत गेला आणि पहिल्याच तासाला अख्ख्या वर्गाला सांगून मोकळा, की बाबांना सोडायला गेलो होतो, गावी बोकड कापला. दुपारी शाळेतून फोन, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. आता ते आणायचं कुठून? म्हणून पहिली गोष्ट ही, की खरं कारण लिहा. वडील वर्षभरासाठी परदेशी चाललेत हे ऐकून नाही म्हणणारी शाळा मला तरी अजून भेटली नाही, आणि मुलालाही खोटं पाठ करून घ्यावं लागत नाही.

आधी कॅलेंडर घेऊन बसा. आम्हाला 8 ते 13 डिसेंबर जायचं होतं. दिसायला सहा दिवस, पण 13 ला दुसरा शनिवार, शाळा बंदच, म्हणजे खरी बुडणारी शाळा पाच दिवस. अर्जात "शाळेचे पाच दिवस" असं लिहिलेलं बरं पडतं, आठवडा म्हटलं की उगीच मोठं वाटतं. मग त्या पाच दिवसांत काय काय येतंय ते पोरीच्या डायरीत बघितलं तर गुरुवारी गणिताची चाचणी आणि शुक्रवारी विज्ञानाचा प्रकल्प जमा करायचा होता. हे आपल्याला आधी माहीत असलं की बाईंशी बोलताना आपणच विषय काढतो, नाहीतर त्या काढतात आणि आपण अं अं करत बसतो.

मग वर्गशिक्षिकेला भेटा, अर्ज द्यायच्या आधी. साधारण दोन आठवडे आधी गेलात तर बास, फार आधी सांगितलं की विसरतात. शाळा सुटताना गेटवर गाठू नका, तेव्हा त्यांच्याभोवती पन्नास पोरं असतात, मधल्या सुट्टीची वेळ विचारून जा. सहावीला निम्मे गुण आकारिकचे आणि निम्मे संकलितचे असतात, आणि आकारिकमध्ये तोंडी, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, चाचणी असं बरंच काही येतं, त्यामुळे एक चाचणी बुडाली म्हणून आभाळ कोसळत नाही. आमच्या बाईंनी चाचणी परत आल्यावर मंगळवारी घ्यायचं कबूल केलं आणि प्रकल्प मात्र जायच्या आधीच मागितला, तो आम्ही शनिवारी रात्री अकराला चिकटवत बसलो होतो ते सोडा. संकलित परीक्षा त्या आठवड्यात असेल तर मात्र बेत बदला, ती पुन्हा घ्यायला शाळा सहसा तयार होत नाही. आणि मूल दहावी-बारावीला असेल तर 75 टक्के हजेरीची अट आहे, तेव्हा आधीच किती खाडे झालेत ते मोजून मगच बोला.

आता अर्ज. मुख्याध्यापकांच्या नावे, अर्ध्या पानाच्या वर नको. मी लिहिला तो असा:

"प्रति, मा. मुख्याध्यापिका. विषय: पाच दिवसांच्या रजेबाबत. माझी मुलगी इयत्ता सहावी ब मध्ये शिकते. तिचे वडील सैन्यात असून त्यांची सुमारे एक वर्षासाठी परदेशी नेमणूक झाली आहे. त्यांना निरोप देण्यासाठी व कौटुंबिक कार्यक्रमासाठी आम्ही गावी जात आहोत. तरी 8 ते 12 डिसेंबर असे शाळेचे पाच दिवस तिला रजा मिळावी. नेमणुकीच्या तारखेनुसार यात दोन-तीन दिवस पुढेमागे होऊ शकते, तसे झाल्यास त्वरित कळवू. बुडालेल्या चाचणीबाबत वर्गशिक्षिकांशी बोलणे झाले आहे. ती 15 डिसेंबरला हजर राहील."

यात काय नाही ते बघा. देशाचं नाव नाही, युनिटचं नाव नाही, कुठून कुठल्या दिवशी विमान आहे ते नाही. फौजेतल्या घरात हे सगळ्यांना माहीत असतं, पण अर्ज लिहिताना भावनेच्या भरात सगळं लिहून जातं आणि तो कागद ऑफिसात चार जणांच्या हातातून फिरतो. शाळेने पुरावा मागितला तर ऑर्डरची झेरॉक्स देऊ नका, आम्ही फक्त डिपेंडंट कार्ड दाखवलं, तेवढ्यावर भागलं. वर्गाच्या पालक ग्रुपवर तर काहीच टाकू नका.

"दोन-तीन दिवस पुढेमागे" ही ओळ कामाला आली. ह्यांचं निघणं दोन दिवसांनी लांबलं, म्हणजे सोमवार-मंगळवारही गेले. मी शनिवारीच बाईंना मेसेज टाकला, आता 17 ला येईल, मंगळवारची चाचणी गुरुवारी घेता येईल का, त्यांनी अंगठा पाठवला, विषय संपला. ती ओळ नसती तर नवा अर्ज, नवी सही, तेही गावावरून.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख घेऊन या. पोच घ्यायला लाजू नका, हजेरीपटावर गैरहजर लागलं आणि नंतर कोणी विचारलं की हाच कागद बाहेर निघतो. अॅपवर रजा टाकायची सोय असेल तर तिथेही टाका, पण फक्त अॅपवर टाकून बसू नका, आमच्याकडे ते बाईंना दिसलंच नव्हतं.

अभ्यासाचं म्हणाल तर गावी पुस्तकं उघडली जाणार नाहीत, घरात तीस माणसं, अंगणात चूल, पोरं विहिरीवर. एका मैत्रिणीच्या आईला सांगून ठेवा, रोज वहीचा फोटो पाठवा म्हणून. आम्हाला आलेल्या एका फोटोत नेमक्या उदाहरणाच्या उत्तरावर अंगठा होता.

आणि एक काम बहुतेक जण विसरतात. शाळेत नोंदवलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे? आमच्याकडे ह्यांचा होता, आणि तो आता वर्षभर बंद. फीचा मेसेज, अचानक सुट्टीचा मेसेज, सगळं त्यावरच. अर्ज द्यायला गेलात की त्याच खेपेला क्लार्ककडून नंबर बदलून घ्या, आणि पोरीला न्यायला वडिलांऐवजी कोण येणार त्यांचंही नाव द्या. आमच्याकडे दिराचं नाव घातलं, त्यांचा फोटो लागला, तो मात्र त्यांनी पाठवला लग्नातला, फेटा घातलेला. क्लार्क हसले आणि दुसरा मागितला.