रिपीट ऑर्डरचं कोटेशन काढताना इथे गंडतं

कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं बघा, पहिल्या पॅनलला १०० तास लागले आणि ८० टक्के लर्निंग कर्व्ह धरला तर एकूण नग डबल झाले की दर नगाचा सरासरी वेळ आधीच्या ८० टक्क्यांवर येतो, म्हणजे २ नगांना ८०, ४ ला ६४, ८ ला ५१.२ तास. आता ४ पॅनल देऊन झालेत आणि अजून ४ ची ऑर्डर आली तर बरेच जण सरळ ५१.२ गुणिले ४ करतात, पण ती सरासरी पहिल्यापासूनच्या आठही नगांची आहे! ८ चे एकूण ४०९.६ तास, त्यातून आधीच्या ४ चे २५६ वजा करा, उरले १५३.६, त्यालाच मजुरीचा रेट लावायचा. मात्र मधे वर्षभर गॅप पडला किंवा वायरमन बदलले तर हा हिशोब चालत नाही, हात परत बसायला वेळ लागतोच.